गोंदण राखून दाणे काढताना

संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. उंडवडी गवळ्याची मागे टाकून ती बारामतीत मुक्कामाला येते, तेव्हा अमावास्या आलेली असते किंवा नुकतीच उलटलेली असते. पुढे काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूर येईपर्यंत चंद्राची बारीक कोर दिसू लागते, पण तीही लवकरच मावळते, आणि आभाळ भरलेलं असलं तर दिसतही नाही. म्हणजे आमच्या बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांतून पालखी जाते ती महिन्यातल्या सगळ्यात काळोख्या रात्रींमधून. बेलवाडीचं गोल रिंगण, काटेवाडीत पालखीभोवती पळणाऱ्या मेंढ्या, हे दिवसाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. रात्री राहुट्यांमध्ये आणि ट्रकला ताडपत्री बांधून केलेल्या आडोशाला जे चालतं, त्याचे फोटो फार थोडे टिकतात. काढले जातात पुष्कळ. मग घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिले, की दाणे दिसतात, गालावर जांभळे-हिरवे डाग दिसतात, आणि ते घालवण्याच्या नादात माणसांचे चेहरे मेणाचे होतात.

ही पुस्तिका त्या एकाच अडचणीवर आहे. आयएसओ वाढवून काढलेल्या रात्रीच्या फोटोतले दाणे आणि रंगाचे डाग काढायचे, पण कातडी कातडीसारखीच राहू द्यायची. बारामती-इंदापूर भागात लग्नं, जत्रा आणि वारीचे फोटो काढणाऱ्यांसाठी ती लिहिली आहे. ती लिहावीशी का वाटली, ते सांगताना मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

बारामतीच्या एका मुक्कामात रात्री साडेनऊच्या सुमारास मी एका दिंडीच्या राहुटीत बसलो होतो. इंदापूर तालुक्यातल्याच एका गावची सत्तरीची आजी तुळशीची माळ हातात घेऊन भजन ऐकत होती. कपाळावर गोपीचंदनाचा टिळा, त्यात बुक्क्याचा ठिपका, आणि हनुवटीवर जुनं, फिकट झालेलं तीन ठिपक्यांचं गोंदण. वर टांगलेला एकच पिवळा बल्ब. मी फोटो घेतला तो अॅपर्चर एफ/२, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ ६४०० वर. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. आजूबाजूच्या चार बायकाही फ्रेममध्ये होत्या, त्यामुळे आजीचा चेहरा जेमतेम सातशे पिक्सेल उंचीचा आला होता.

घरी येऊन मी तो ‘स्वच्छ’ केला. दाणे कमी करणारा स्लायडर साठापर्यंत नेला, फोटो मऊ पडला म्हणून शार्पनिंग वाढवलं, बारा बाय आठ इंचाची प्रिंट काढली आणि आषाढीनंतर आजीला नेऊन दिली. तिने ती कंदिलाजवळ धरावी तशी खिडकीजवळ धरली, बराच वेळ पाहिली, आणि हनुवटीला बोट लावून विचारलं, “लेकरा, माझं गोंदण कुठं गेलं?”

गोंदण खरोखरच गेलेलं होतं. डोळे धारदार, माळेचे मणी धारदार, आणि मधे गुळगुळीत, चकचकीत गाल. मोठ्या सुरकुत्या होत्या, त्यांच्या मधली बारीक जाळी पुसली गेली होती. चेहरा आजीचा होता, कातडी तिची नव्हती.

असं का होतं हे कळलं, की उपाय जवळजवळ आपोआप सुचतो. म्हणून पहिलं प्रकरण कारणांवर आहे. इथे त्याचा गाभा सांगतो.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा एकेक पिक्सेल म्हणजे पावसात ठेवलेली वाटी समजा. प्रकाश कणाकणांनी पडतो, आणि शेजारशेजारच्या वाट्यांत सारखे कण कधीच पडत नाहीत. सरासरी ९०० कण पडत असतील, तर मागेपुढे साधारण ३० चा फरक राहतो, म्हणजे शेकडा तीन-साडेतीन. १०० कण पडत असतील तर फरक १० चा, म्हणजे शेकडा दहा. आणि २५ च कण पडत असतील तर फरक ५ चा, म्हणजे शेकडा वीस. प्रकाश कमी झाला की चढउतार प्रमाणात वाढतो, आणि तोच आपल्याला दाण्यांच्या रूपात दिसतो. आयएसओ दाणे निर्माण करत नाही, कमी प्रकाशात मुळात असलेला चढउतार तो उजळून दाखवतो. त्यामुळे आयएसओची भीती बाळगून १६०० वर काळा फोटो काढायचा आणि नंतर संगणकावर उजळायचा, यात फायदा काही नाही, बहुतेक वेळा तोटाच आहे. ६४०० लागत असेल तर ६४०० लावावा आणि चेहऱ्यावर पुरेसं एक्स्पोजर द्यावं.

रंगाचे डाग येतात त्याचं कारण थोडं वेगळं आहे. बहुतेक सेन्सरवर रंगीत काचांची जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी तिची मांडणी केली आणि १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. या जाळीत निम्मे पिक्सेल हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा प्रकाश मुळातच थोडा. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवरून परततो तो आणखी थोडा. व्हाइट बॅलन्स नीट करताना संगणक हाच उपाशी निळा दुप्पट-तिप्पट करतो, आणि त्याच्याबरोबर त्यातला चढउतारही तेवढाच वाढतो. म्हणून बल्बखाली काढलेल्या फोटोत गळ्याच्या सावलीत, पदराखाली आणि हनुवटीवर जांभळट ठिपके पडतात. एलईडी ट्यूबच्या उजेडात हे कमी दिसतं, कारण तिच्यात निळा बराच असतो.

तेव्हा दुखणी दोन आहेत. एक उजेडाच्या चढउताराचं, त्याला आपण दाणे म्हणतो. दुसरं रंगाच्या चढउताराचं, त्याला या पुस्तिकेत डाग म्हटलं आहे. दोन्ही एकाच औषधाने बरी करायला गेलो, की चेहरा मेणाचा होतो. माणसाचा डोळा उजेडातला बारीक फरक फार नेमका टिपतो, रंगातला बारीक फरक मात्र ढोबळच पाहतो. कातडीची वीण, सुरकुत्यांची जाळी, भुवईचा केस, हे सगळं उजेडाच्या फरकात असतं. त्यामुळे डागांवर हात जड ठेवला तरी फारसं बिघडत नाही, आणि दाण्यांवर हात जड पडला की पहिली जाते ती कातडीच. डाग जवळजवळ पूर्ण काढा, दाणे बरेचसे राहू द्या: या पुस्तिकेचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आता तोच फोटो पुन्हा घेऊ. मी तो नंतर पहिल्यापासून केला. रॉ फाईल ठेवलेली होती म्हणून ते जमलं. खालचे आकडे लाइटरूमचे आहेत. डार्कटेबल हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना आकडे वेगळे दिसतील, पण क्रम हाच राहील.

आधी व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर नक्की केलं, कारण सावल्या उजळल्याशिवाय दुखणं किती आहे ते कळतच नाही. मग फोटो शंभर टक्के मोठा करून नजर आजीच्या गळ्यावर आणि हनुवटीवर ठेवली, आणि Color हा स्लायडर शून्यावर आणून हळूहळू वर नेला. रॉ फाईलला तो आपोआप २५ वर असतो. इथे ४० वर ठिपके गेले. तरी गालाच्या सावलीत मोठे, ढगासारखे पसरट डाग उरले होते. ते Color वाढवून जात नाहीत, त्यासाठी खालचा Smoothness ५० वरून ७० वर नेला. इथे थांबायचं कुठे ते कपाळ सांगतं. Color खूप पुढे नेऊन पाहिला, तेव्हा गोपीचंदनाचा पिवळा रंग टिळ्याबाहेर कातडीत उतरू लागला आणि गोंदणाची हिरवट झाक राखाडी झाली. रंग आपल्या रेषेबाहेर सांडायला लागला, की मागे यायचं.

मग Luminance. हा शून्यावर असतो, आणि माझी मूळ चूक इथेच झाली होती. आजीच्या हनुवटीवर बल्बची सावली होती, म्हणजे तिथला चढउतार शेकडा वीसच्या आसपास. फिकट गोंदण आणि भोवतालची कातडी यांच्या उजेडातला फरक त्याहून कमी होता. तरीही डोळ्याला गोंदण दिसत होतं, कारण एकेक ठिपका सहा-सात पिक्सेल रुंद होता आणि डोळा तेवढ्या जागेची सरासरी आपोआप काढतो. छत्तीस पिक्सेलांची सरासरी काढली की चढउतार एक षष्ठांश होतो. सॉफ्टवेअरही सरासरीच काढतं, पण स्लायडर साठावर नेला तेव्हा त्याने ठिपक्याबरोबर शेजारची कातडीही त्या सरासरीत ओढली, आणि ठिपका विरघळून गेला. बारीक सुरकुत्यांची गत आणखी वाईट. त्या एक-दोन पिक्सेलच्या, म्हणजे दाण्यांएवढ्याच. सॉफ्टवेअरला दाणा कोणता आणि सुरकुती कोणती हे कळायला मार्ग नाही.

म्हणून या वेळी Luminance १५ वर थांबवला आणि त्याखालचा Detail ५० वरून ७० वर नेला. चेहऱ्यावर दाणे दिसत होते, आणि ते दिसू दिले. रंग निघून गेलेला दाणा डोळ्याला खुपत नाही, जुन्या फिल्मच्या दाण्यासारखा तो कातडीत मिसळून जातो. मागची ताडपत्री आणि काळोख यांत जपण्यासारखी वीण नव्हती, म्हणून तिथे ब्रशने मास्क करून Noise आणखी ३० वाढवला. यात एक धोका आहे. पार्श्वभूमी काचेसारखी नितळ आणि चेहरा दाणेदार झाला, तर माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून मास्कची कड मऊ ठेवली, आणि काळोखातही थोडे दाणे राहू दिले.

शार्पनिंग शेवटी. सॉफ्टवेअर ते आपणहून ४० वर ठेवतं आणि Masking शून्यावर, म्हणजे उरलेले दाणेसुद्धा धारदार होतात. Amount २५ वर आणला. मग Alt कळ दाबून धरली आणि Masking ओढत नेला. स्क्रीन काळी-पांढरी होते, आणि जिथे पांढरं तिथेच शार्पनिंग लागतं. पापण्या, मण्यांच्या कडा आणि पदराचा काठ पांढरे राहिले आणि गाल काळा झाला, तिथे थांबलो. तो आकडा ६० च्या आसपास होता. मेणाचा चेहरा बहुतेक वेळा नुसत्या सफाईने होत नाही. आधी गाल पुसायचा आणि मग त्याच्याभोवतीच्या कडा कोरायच्या, या दोन कामांच्या जोडीने तो होतो.

आपण काय काढलं हे तपासायची एक पद्धत मी या पुस्तिकेत मुद्दाम विस्ताराने दिली आहे, कारण स्टुडिओंमध्ये ती कुणी वापरताना मी पाहिलेली नाही. बुआदेस, कोल आणि मोरेल या तिघा संशोधकांनी २००५ मध्ये दाणे काढण्याची एक नवी रीत मांडली. तेव्हा कुठलीही रीत जोखायची कशी, याचंही उत्तर त्यांनी दिलं: साफ झालेलं चित्र बघण्यापेक्षा जे काढून टाकलं तेच वेगळं काढून बघा. हे घरी सहज करता येतं. शार्पनिंग शून्यावर ठेवून फोटोच्या दोन प्रती काढायच्या, एक सफाईविना आणि एक सफाई केलेली. फोटोशॉपमध्ये किंवा जिंपमध्ये त्या एकावर एक थर म्हणून ठेवायच्या आणि वरच्या थराची पद्धत Difference करायची. स्क्रीन जवळजवळ काळी दिसेल. मग दोन्ही थर एकत्र करून Levels मध्ये उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे ओढून चित्र उजळायचं. आता समोर आहे ते आपण फोटोतून काढून फेकलेलं सगळं.

त्यात सारखी पसरलेली वाळू दिसली, तर आपण दाणेच काढले. रेषा दिसल्या, भुवई दिसली, तर आपण चेहरा काढला. माझ्या पहिल्या, बिघडलेल्या प्रतीवर मी ही तपासणी नंतर करून पाहिली. काळ्या पडद्यावर आजीच्या डोळ्याजवळच्या सुरकुत्यांचा पंखा स्वच्छ उमटला होता, आणि खाली हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. दुसऱ्या प्रतीत वाळू होती, आणि फार निरखलं तर पापणीची एक पुसट रेघ. एक सावधगिरी सांगतो: ही वाळू कुठे दाट, कुठे विरळ असणारच, कारण उजेड बदलला की दाणेही बदलतात. त्या दाट-विरळपणाकडे लक्ष द्यायचं नाही, आकृती ओळखू येते का एवढंच पाहायचं.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. शंभर टक्के मोठा केलेला फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. सहा हजार पिक्सेलचा फोटो बारा इंचात ३०० डीपीआयने छापला तर ३६०० पिक्सेल लागतात. आकार एवढा खाली येताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि दाणे मूळच्या सुमारे साठ टक्के उरतात. मोबाइलवर पाठवण्यासाठी तोच फोटो २००० पिक्सेलचा केला, तर एक तृतीयांश. म्हणून स्क्रीनवर जे दाणे आपल्याला बेचैन करतात, त्यातले बरेचसे छपाईत आपोआप विरतात. आजीच्या फोटोसाठी मी आधी चार इंचाची एक पट्टी छापून हातात धरून पाहिली, आणि Luminance १५ वरून पुढे न्यायची गरज नाही हे तिथे नक्की झालं.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जे आधीच पुसलं गेलं आहे ते परत आणता येत नाही. मोबाइलने रात्री काढलेला फोटो किंवा कॅमेऱ्याने हाय आयएसओ नॉईज रिडक्शन लावून केलेली जेपेग फाईल आपल्या हाती येते तेव्हाच गाल गुळगुळीत झालेले असतात. अशा फोटोवर वरून थोडा ग्रेन टाकला तर मेण जरा झाकलं जातं, पण गोंदण परत येत नाही. म्हणून रात्री रॉमध्येच काढावं. दुसरं असं, की १/३० सेकंदावर टाळ वाजवणारा हात हलतो, चेहराही हलतो. तो पुसटपणा दाण्यांचा नसतो, आणि सफाईने तो आणखी वाढतो. आयएसओ वाचवण्यासाठी शटर मंद करण्यापेक्षा दाणे पत्करलेले बरे. तिसरं, एक्स्पोजर तीन-चार स्टॉप कमी पडलं असेल तर निळ्यात काही उरलेलंच नसतं. असा फोटो कृष्णधवल करून ठेवावा. रंगाचं दुखणं तिथे आपोआप संपतं आणि दाणे शोभतात.

पुढच्या प्रकरणांत हेच सगळं सावकाश, चित्रांसह आहे: पिवळा बल्ब, एलईडी ट्यूब, मिरवणुकीतला हॅलोजन आणि निव्वळ समईचा उजेड, अशा चार प्रकाशांतले चार चेहरे. वाचताना पुस्तिका संगणकाशेजारी ठेवा आणि आपलाच एखादा बिघडलेला फोटो उघडा. माझे आकडे जसेच्या तसे लावू नका. तुमचा कॅमेरा वेगळा, तुमचा उजेड वेगळा. आकडा कुठे थांबवायचा हे चेहऱ्यावरच्या एखाद्या बारीक खुणेला विचारा. बुक्क्याचा ठिपका असेल, नथीखालचा तीळ असेल, पांढरी पडू लागलेली मिशी असेल. काम सुरू करण्याआधी ती खूण ठरवा, आणि शेवटपर्यंत तिच्यावरून नजर हलवू नका.

दुसरी प्रिंट घेऊन मी पुन्हा आजीकडे गेलो. तिने आधी हनुवटी पाहिली, मग बाकीचा फोटो. दाण्यांबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. ती प्रिंट आता तिच्या घरात विठ्ठलाच्या तसबिरीशेजारी लावलेली आहे.